बाटलीतली उष्णता कुठे गेली?

मुलांनो, मे महिन्यातली दुपार धरा. घाटकोपरमधल्या एका घरात कुणीतरी नळाच्या पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली फ्रिजमध्ये ठेवली. पाणी ३० अंश सेल्सिअसला होतं. चार-पाच तासांनी बाटली बाहेर काढली, तर पाणी ६ अंशांवर आलेलं. आता नीट विचार करा. झाकण कुणी उघडलं नाही, पाण्याचा एक थेंब कमी झाला नाही, काट्यावर ठेवली तर बाटलीचं वजन तेवढंच भरेल. तरीही त्या बाटलीतून काहीतरी निघून गेलंय. काय गेलं, आणि गेलं तर कुठे?

गेली ती उष्णता. किती गेली? एक किलो पाणी एका अंशाने थंड करायचं तर त्यातून सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. आपण २४ अंश उतरवले, म्हणजे साधारण १०० किलोज्यूल झाले. हा आकडा ऐकून तुम्ही जांभई द्याल, म्हणून दुसऱ्या तऱ्हेने सांगतो. तुमच्यातल्या चाळीस किलो वजनाच्या एखाद्याला उचलून २५० मीटर उंच न्यायला जेवढी ऊर्जा लागेल, तेवढी ही ऊर्जा आहे. म्हणजे जवळजवळ ऐंशी मजले! एवढी ऊर्जा त्या बाटलीतून गुपचूप निघून गेली आणि शेजारच्या दह्याच्या भांड्यालाही पत्ता लागला नाही. ऊर्जा नाहीशी होत नाही हे तुम्ही पुस्तकात वाचलंय. मग ती आत्ता कुठेतरी असलीच पाहिजे. चला, तिच्या मागे जाऊ.

निघण्याआधी एक अडचण समजून घेऊ, कारण फ्रिजमधली सगळी गंमत त्या अडचणीतच आहे. उष्णता आपणहून फक्त गरमाकडून गाराकडे जाते. उलट कधीच जात नाही. टेबलावरचा गार चहा खोलीतली उष्णता गोळा करून पुन्हा वाफाळला, असं कुणी पाहिलंय का? आता आपला फ्रिज बघा. आत ६ अंश, बाहेर स्वयंपाकघरात ३२ अंश. उष्णतेला जायचंय आतून बाहेर, म्हणजे गाराकडून गरमाकडे. म्हणजे ती चढ चढणार कशी?

तुमच्या सोसायटीत खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला पंप असतो. पाणी स्वतः चढत नाही, पंप वीज खाऊन त्याला चढवतो. फ्रिजही उष्णतेचा पंप आहे, असं बरेच जण सांगतात. ते चूक नाही. पण खरी करामत त्याहून सुंदर आहे, आणि ती मला तुम्हाला दाखवायचीच आहे. पंप पाण्याला खरोखर वर ढकलतो. फ्रिजमध्ये उष्णता एकदाही वर चढत नाही. बाटलीपासून स्वयंपाकघरापर्यंत प्रत्येक टप्प्यावर ती उतारावरूनच जाते, गरमाकडून गाराकडे, आपल्या स्वभावाप्रमाणे. आणि तरीही शेवटी ती उंचावर पोचलेली असते! हे कसं जमतं?

पहिला टप्पा सोपा आहे. आपण एका दाराचा साधा फ्रिज धरू, वर छोटा बर्फाचा कप्पा असलेला. बाटलीतलं पाणी ३० अंशांवर, भोवतालची हवा त्याहून गार. म्हणून उष्णता पाण्यातून प्लास्टिकमध्ये आणि प्लास्टिकमधून हवेत आली. ऊब मिळालेली हवा हलकी होऊन वर सरकते. वर काय आहे? बर्फाचा कप्पा. त्याच्या भिंतीला लागून हवा पुन्हा गार होते, जड होते आणि खाली उतरते. खाली येऊन पुन्हा बाटलीकडून उष्णता घेते आणि पुन्हा वर. आत पंखा नाही, काही नाही, तरी हवा दिवसभर ही ने-आण करत असते. बर्फाचा कप्पा तळाशी ठेवला असता तर गार हवा तळाशीच बसून राहिली असती. तो वर का असतो ते कळलं ना? फ्रिजमध्ये डबे गच्च कोंबले की वरचं दूध चांगलं राहतं आणि खालची भाजी कोमेजते, त्याचं कारणही हेच. हवेची वाट अडते.

आता उष्णता कप्प्याच्या भिंतीशी पोचली. ही भिंत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांची असते. पत्रे एकमेकांवर घट्ट दाबून चिकटवलेले, पण मध्ये नागमोडी पोकळ वाट सोडलेली. कप्पा रिकामा असेल तेव्हा हात फिरवून बघा, त्या वाटेचे फुगवटे बोटांना लागतात. त्या वाटेत काय चाललंय माहीत आहे? एक द्रव उकळतोय. हो, उकळतोय! अक्षरशः बुडबुडे येताहेत. बर्फाच्या ट्रेपासून मिलिमीटरभर अंतरावर, उणे २० अंशांच्या आसपास, एक द्रव खळाखळा उकळतोय.

उकळणं म्हणजे गरम, ही आपली सवय झाली आहे. पण उकळणं म्हणजे द्रवाची वाफ होणं, आणि वाफ व्हायला उष्णता लागते. ती कुठून मिळते याची द्रवाला फिकीर नसते, जे जवळ असेल त्याच्याकडून तो घेतो. हातावर सॅनिटायझरचे दोन थेंब टाका आणि फुंकर मारा. हात गार पडतो, कारण उडून जाणारं अल्कोहोल तुमच्या तळव्यातली उष्णता घेऊन जातं. माठही हेच करतो. माठातून पाझरलेलं पाणी बाहेरच्या अंगावर सुकतं आणि सुकताना आतल्या पाण्याची उष्णता नेतं. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठ झकास चालतो. मुंबईच्या हवेत आधीच इतकी वाफ भरलेली असते की माठावरचं पाणी सुकायलाच तयार नसतं. फ्रिजने माठाचीच युक्ती घेतली, पण दोन सुधारणा केल्या. पाण्याऐवजी सहज उकळणारा पदार्थ घेतला, आणि त्याची वाफ हवेत सोडून न देता बंद नळीत पकडून ठेवली.

तो पदार्थ कुठला? आपल्याकडच्या बहुतेक नव्या घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्यूटेन असतं. मागच्या काळ्या कॉम्प्रेसरवरच्या पट्टीवर ‘आर ६०० ए’ असं लिहिलेलं सापडेल, तेच हे. स्वयंपाकाच्या गॅसच्या घराण्यातलंच आहे. मोकळ्या हवेत ते उणे १२ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे महाबळेश्वरच्या सगळ्यात कडक थंडीतही उघड्या वाटीत ठेवलं तर उकळून संपेल.

आता मुख्य किल्ली हातात घ्या. द्रव कुठल्या तापमानाला उकळणार हे एकट्या द्रवावर ठरत नाही, त्याच्यावरच्या दाबावरही ठरतं. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी १०० ऐवजी ९५-९६ अंशांनाच उकळतं. कुकरमध्ये दाब जास्त, म्हणून पाणी १२० अंशांच्या जवळ जाऊन उकळतं आणि डाळ पटकन शिजते. पानाच्या टपरीवर पारदर्शक लायटर लटकलेले असतात. त्यांच्यात पाण्यासारखं काहीतरी हलताना दिसतं. हातात घेऊ नका, नुसतं बघा. ते ब्यूटेन आहे, आपल्या आयसोब्यूटेनचं सख्खं भावंड. मोकळ्या हवेत ते शून्य अंशाच्या आसपास उकळतं. मग मुंबईच्या ३२ अंशांत ते द्रव कसं राहिलं? त्या बंद डबीत त्याच्यावर दाब आहे म्हणून. दाब वाढवा, उकळण्याचं तापमान वर जातं. दाब कमी करा, खाली येतं. एकच पदार्थ, पण तो कधी उकळेल आणि कधी वाफेचा द्रव होईल हे आपण दाबाची खुंटी पिळून ठरवू शकतो!

बर्फाच्या कप्प्याच्या भिंतीत ही खुंटी सैल केलेली असते. तिथला दाब बाहेरच्या हवेच्या जेमतेम दोन तृतीयांश. म्हणून आयसोब्यूटेन तिथे उणे १२ वरही न थांबता उणे २० अंशांच्या खाली उकळतं. कप्प्यातली हवा त्याहून गरम, त्यामुळे उष्णता पत्र्यातून त्या द्रवात शिरते. गरमाकडून गाराकडे, उतारावरून! आणि शिरल्यावर एक गंमत होते. द्रव उकळत असेपर्यंत त्याचं तापमान वाढतच नाही. आलेली सगळी उष्णता द्रवाचे रेणू एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते. म्हणून कितीही उष्णता ओतली तरी भिंत गारच राहते. उष्णता आत गेली, पण तापमापकाला दिसत नाही. या दडलेल्या उष्णतेला तुमच्या पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात.

थोडा हिशेब करू. एक ग्रॅम आयसोब्यूटेन उकळताना सुमारे ३७० ज्यूल उष्णता पोटात घेतं. पण त्यातला काही वाटा पुढे सांगणार आहे त्या कारणाने वाया जातो. हाती साधारण २७० ज्यूल उरले असं धरा. आपल्या बाटलीतून १,००,००० ज्यूल काढायचे आहेत. म्हणजे पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास आयसोब्यूटेन उकळावं लागेल. आणि अशा छोट्या फ्रिजमध्ये ते असतं किती? चाळीस-पन्नास ग्रॅम. छोट्या वाटीत मावेल एवढंच! मग? मग तेच आयसोब्यूटेन पुन्हा पुन्हा फिरतं. एकट्या तुमच्या बाटलीसाठी ते आठ-नऊ फेऱ्या मारतं.

ही फेरी किती मोठी गोष्ट आहे हे समजायला जरा मागे जाऊ. १८३३ साली ‘टस्कनी’ नावाचं जहाज अमेरिकेतल्या बोस्टनहून बर्फ भरून निघालं आणि कोलकात्याला पोचलं. तो गोठलेल्या तळ्यांवरून कापलेला बर्फ होता. चार महिन्यांचा समुद्रप्रवास, वाटेत बराच वितळला, तरी सुमारे शंभर टन उरला. पुढे मुंबईतही असाच अमेरिकेचा बर्फ येऊ लागला. बर्फही उष्णता खातो, पण एकदाच. वितळला की संपला, पुढचं जहाज यायची वाट बघायची. आणि १९५८ साली गोदरेजने भारतात बनलेला पहिला फ्रिज बाजारात आणला. ते गोदरेज इथलंच, विक्रोळीचं. लोकलने घाटकोपरच्या पुढचं स्टेशन. त्या पेटीला पुढच्या जहाजाची गरज नव्हती. उष्णता खाऊन झाली की ती बाहेर टाकून पुन्हा भुकेलं व्हायचं, हे तिला जमत होतं. आता ते ‘टाकणं’ बघू.

उकळून झालेली वाफ कप्प्याच्या भिंतीतून निघते आणि नळीने खाली मागच्या बाजूला येते. तिच्या पोटात तुमच्या बाटलीची उष्णता आहे. स्वयंपाकघर तर आता पत्र्यापलीकडेच आहे, पण अडचण तीच. वाफ गार आहे आणि स्वयंपाकघर ३२ अंशांवर. आत्ता दार उघडून दिलं तर उष्णता बाहेर जाण्याऐवजी उलट बाहेरची आत येईल. काय करावं?

खुंटी पिळावी! इथे कॉम्प्रेसर येतो. फ्रिजच्या मागे तळाशी काळा, गुबगुबीत लोखंडी डबा दिसतो, तोच. त्याच्या आत स्प्रिंगांवर टांगलेली मोटर आणि एक छोटा दट्ट्या असतो. आपल्याकडची साधी मोटर मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या वर फिरते, म्हणजे दट्ट्या सेकंदाला जवळजवळ ४७-४८ वेळा पुढे-मागे होतो. प्रत्येक वेळी तो चमचा-दोन चमचे वाफ ओढतो आणि पलीकडे दाबून टाकतो. अलीकडे दाब हवेच्या दोन तृतीयांश, पलीकडे हवेच्या सुमारे सहा पट.

या डब्याबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. तो चहूबाजूंनी वेल्डिंग करून बंद केलेला असतो. विजेची मोटर बाहेर आणि दट्ट्या आत असं नाही, मोटरसुद्धा आतच, त्याच आयसोब्यूटेनच्या वाफेत बसलेली. पेट घेणारा गॅस आणि त्यातच विजेची मोटर! भडका का उडत नाही? जळायला ऑक्सिजन लागतो, आणि त्या डब्यात हवाच नाही. फ्रिज बनवताना नळ्यांतली हवा पंपाने पूर्ण काढून मगच गॅस भरतात. शिवाय कप्प्याकडून आलेली गार वाफ जाता जाता मोटरलाही थंड करते. फिरणारा दांडा डब्याबाहेर येतच नाही, त्यामुळे गॅस गळायला फटही नाही. म्हणून असा डबा कुणी न उघडता वीस-वीस वर्षं चालतो.

सायकलच्या पंपाने टायरमध्ये हवा भरताना पंपाचं टोक तापतं, हे तुम्ही अनुभवलं असेल. वायू झटकन दाबला की तो तापतो. आपली वाफही दाबल्यावर ६०-७० अंशांच्या वर जाते. तिच्या नळीला हात लावू नका, चटका बसेल. पण तापण्यापेक्षाही मोठा बदल दुसराच झालाय. सहा पट दाबाखाली आयसोब्यूटेनच्या उकळण्याचं तापमान आता ४५ अंशांवर आलंय. म्हणजे ४५ अंशांच्या खाली त्याला वाफ म्हणून राहताच येत नाही, द्रव व्हावंच लागतं. आणि द्रव होताना पोटातली सगळी दडलेली उष्णता ओकावी लागते. इडलीपात्राच्या वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का असतो? हातावर पाणी होताना ती वाफ तिची दडलेली उष्णता तिथेच सोडते, म्हणून.

ही वाफ आता लांबच लांब वळणांच्या नळीत जाते. जुन्या फ्रिजच्या पाठीला काळी जाळी असते, तिच्यात ही नळी दिसते. नव्या फ्रिजमध्ये बऱ्याचदा ती बाजूच्या पत्र्यांच्या आतून फिरवलेली असते. म्हणून फ्रिज चालू असताना त्याची बाजू कोमट लागते. तो बिघाड नव्हे! नळी ४५ अंशांवर, स्वयंपाकघर ३२ अंशांवर. उष्णता कुठे जाणार? अर्थातच स्वयंपाकघरात. पुन्हा गरमाकडून गाराकडे, पुन्हा उतारावरून.

आता मागे वळून बघा. आत भिंत उणे २० ला, म्हणून उष्णता आत शिरली. बाहेर नळी ४५ ला, म्हणून उष्णता बाहेर पडली. उष्णता दोन्ही वेळा खालीच उतरली. मधल्या वेळात चढला तो आयसोब्यूटेनचा दाब, आणि वीज खर्च झाली ती त्यासाठी. निसर्गाचा नियम तसूभरही मोडला नाही आणि काम मात्र झालं. फ्रिज मला यंत्रांतला सगळ्यात हुशार वाटतो तो यासाठी.

अजून फेरी पुरी व्हायची आहे. जाळीतून निघालेला द्रव ४० अंशांच्या आसपास कोमट आहे आणि जास्त दाबाखाली आहे. तो पुन्हा कप्प्यात उकळायला हवा असेल तर दाब उतरवायला हवा. त्यासाठी कुठला नळ किंवा झडप आहे? काहीच नाही. तिथे आहे नुसती एक तांब्याची बारीक नळी, कॅपिलरी. आतलं भोक मिलिमीटरपेक्षाही लहान, आणि लांबी दोन-तीन मीटर, गुंडाळून ठेवलेली. एवढ्या अरुंद वाटेतून घासत जाताना द्रवाचा दाब उतरत जातो. पलीकडे मोकळ्या जागेत बाहेर पडल्याबरोबर त्याचा काही भाग तिथल्या तिथे उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तो उरलेल्या द्रवाकडूनच घेतो. कोमट द्रव क्षणात उणे वीसच्या खाली! मघाशी मी ‘काही वाटा वाया जातो’ म्हणालो ना, तो हाच. द्रवाचा एक हिस्सा स्वतःलाच गार करण्यात खर्ची पडतो. तो वाटा कमी व्हावा म्हणून ही बारीक नळी कप्प्याकडून परत येणाऱ्या गार नळीला चिकटवून नेतात. येणारी वाफ जाणाऱ्या द्रवाला आधीच थंड करते.

फ्रिज बंद होताना कान देऊन ऐका. कॉम्प्रेसरची घरघर थांबली की आतून बुडबुडल्यासारखा, सुसकारल्यासारखा आवाज येतो. दाबाखालचा उरलेला द्रव त्या बारीक नळीतून हळूहळू पलीकडे जात असतो आणि दोन्हीकडचे दाब सारखे होत असतात. त्याला काही मिनिटं लागतात. म्हणून लाईट जाऊन लगेच आली तर कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो आणि ‘टक’ आवाज करून बंद पडतो. एका बाजूला सहा पट दाब असताना त्या छोट्या मोटरला दट्ट्या हलवता येत नाही. अशा वेळी पाच मिनिटं स्विच बंद ठेवावा.

आता तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात आलेला प्रश्न मीच विचारतो. उन्हाळ्यात फ्रिजचं दार उघडं ठेवून स्वयंपाकघर गार करता येईल का? हिशेब करा. बाटलीतून १०० किलोज्यूल काढायला कॉम्प्रेसरने सुमारे ७० किलोज्यूल वीज खाल्ली, असं धरा. एका युनिटचा पन्नासावा भाग झाला. ती वीजही शेवटी उष्णताच होते. म्हणजे जाळीतून बाहेर पडले १७० किलोज्यूल! दार उघडं ठेवलं तर फ्रिज समोरून जेवढी उष्णता घेईल त्याहून जास्त मागून टाकेल. खोली तापतच जाईल. म्हणून फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नये. मागे आणि बाजूला हवा खेळली नाही तर नळीतली उष्णता निघत नाही, दाब आणखी चढतो आणि त्याच बाटलीसाठी जास्त वीज जाते.

दाराचा विषय निघालाच आहे तर मुंबईची एक खास गोष्ट सांगतो. दार उघडलं की आतली गार, जड हवा पायाशी सांडते आणि तिच्या जागी स्वयंपाकघरातली गरम हवा शिरते. ती स्वतःबरोबर उष्णता आणते, हे कुणीही सांगेल. पण मे महिन्यातली मुंबईची हवा दमट असते. एक घनमीटर हवेत वीसेक ग्रॅम वाफ सहज असते. त्यातली दोन-अडीच ग्रॅम दर खेपेला आत शिरते, पाणी होते आणि कप्प्यापर्यंत गेली तर बर्फही होते. तसं होताना तीही पोटातली दडलेली उष्णता सोडते. हिशेब केला तर कळतं की ही दोन-अडीच ग्रॅम वाफ आत शिरलेल्या सगळ्या गरम हवेइतकी, कधी तिच्यापेक्षाही जास्त उष्णता आणते!

आणि ही वाफ आली कुठून? बरीचशी अरबी समुद्रावरून. तिथे उन्हाने पाण्याची वाफ केली आणि ती वाफ वाऱ्याबरोबर उपनगरात आली. सूर्याने समुद्रावर खर्च केलेली उष्णता त्या वाफेत दडून राहिली आणि तुमच्या कप्प्याच्या भिंतीवर येऊन सुटली. कप्प्यावर साचलेल्या पांढऱ्या भुसभुशीत थराकडे आता त्या नजरेने बघा. सूर्याचं ऊन समुद्रमार्गे तुमच्या फ्रिजमध्ये आलं आणि आयसोब्यूटेनने ते उचलून जाळीतून बाहेर टाकलं.

हा थर मात्र वाढू देऊ नका. भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते आणि उष्णता त्यातून नीट जात नाही. बाटलीची उष्णता भिंतीपर्यंत पोचत नाही आणि कॉम्प्रेसर बिचारा न थांबता चालत राहतो. थर बोटाच्या पेराच्या अर्ध्याइतका झाला की फ्रिज बंद करून तो आपोआप वितळू द्यायचा. चाकूने खरवडायचा अजिबात नाही! मघाशी सांगितलेला तो पातळ पत्रा आठवा, फुगवट्यांचा. चाकूचं टोक एका फुगवट्यात गेलं की आयसोब्यूटेन बाहेर, आणि फेरी कायमची तुटली. ते पेट घेणारं असतं, म्हणून असं झालंच तर काडी, शेगडी किंवा स्विच कशालाही हात न लावता खिडक्या उघडायच्या आणि मोठ्यांना बोलवायचं.

फेरी कुठे तुटली हे ओळखता येतं, आणि त्यासाठी आपला उष्णतेचा पाठलागच उपयोगी पडतो. कॉम्प्रेसर चालू आहे, पण बाजूचा पत्रा किंवा जाळी अर्ध्या तासानेही कोमट होत नाही? म्हणजे उष्णता बाहेर येतच नाहीये, बहुधा गॅस गळालाय. थोडाच गळाला असेल तर कप्प्याच्या एकाच कोपऱ्यात दहिवर दिसतं, बाकी भिंत कोरडी, कारण उरलेला द्रव वाटेतच उकळून संपतो. आणि कधी फ्रिज तासभर छान चालतो, मग गार होणं थांबतं, मग आपोआप सुरू होतं. याचं कारण ऐकाल तर चाट पडाल. नळ्यांत ओलावा शिरलेला असतो. पाण्याचा एक थेंब बारीक नळीच्या तोंडाशी गोठतो आणि बूच बसतं. गार होणं थांबलं की तो वितळतो, वाट मोकळी होते आणि काही वेळाने पुन्हा गोठतो! असं होऊ नये म्हणून त्या नळीच्या आधी पाणी शोषणाऱ्या दाण्यांची छोटी तांब्याची नळकांडी बसवलेली असते. दुरुस्तीवाले तिला फिल्टर म्हणतात आणि गॅस भरताना दर वेळी ती नवी घालतात.

दुरुस्तीवाल्या काकांनी ‘गॅस संपलाय, भरावा लागेल’ असं म्हटलं तर त्यांना एवढंच विचारा, ‘काका, गळती कुठे आहे?’ आयसोब्यूटेन खर्च होत नाही. कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत तेच चाळीस-पन्नास ग्रॅम उकळतात, दाबले जातात, द्रव होतात आणि पुन्हा उकळायला जातात. ते कमी झालेत याचा अर्थ नळीला कुठेतरी भोक आहे. भोक न बुजवता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेने निघून जाईल.